बेकन कुरकुरीत कशानं होतं: पॅन की ओव्हन?

बेकनच्या एका पट्टीत दोन वेगळे पदार्थ शेजारी शेजारी असतात. लाल पट्टा म्हणजे मांस, पांढरा पट्टा म्हणजे चरबी. मांसात पाणी भरपूर असतं आणि ते उष्णतेनं चटकन आकसतं. चरबी आधी वितळते, मग हळूहळू बाहेर येते. घरी केलेल्या बेकनबद्दलची नेहमीची तक्रार या फरकातूनच उद्भवते. पट्टी ताटात येते तेव्हा लाल भाग करपून कडू झालेला असतो आणि पांढरा भाग मात्र चामट, रबरासारखा राहिलेला असतो. दोन्ही भाग एकाच वेळी तयार व्हावेत, हीच बेकन करण्यातली खरी कसोटी आहे. ओव्हन बरा की पॅन, हा प्रश्नही याच कसोटीवर पाहायला हवा.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. अमेरिकेत नुसतं बेकन म्हटलं की डुकराच्या पोटाकडचं मांस समजलं जातं. ते मीठ, थोडी साखर आणि सोडियम नायट्राईट लावून मुरवतात, धुरी देतात आणि त्याच्या लांब पातळ पट्ट्या कापतात. यालाच ‘स्ट्रीकी बेकन’ असंही म्हणतात. ब्रिटनमध्ये नाश्त्याला जे ‘बॅक बेकन’ खातात ते पाठीकडच्या मांसाचं असतं. त्यात चरबीची फक्त एक कड असते, त्यामुळे ते भाजलं तरी हॅमसारखं मऊच राहतं. मुंबई-पुण्यातल्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत किंवा गोव्यातल्या बाजारात दोन्ही प्रकार मिळतात आणि पाकिटं दिसायला सारखीच असतात. कुरकुरीत पट्टी हवी असेल तर पाकिटावर ‘स्ट्रीकी’ लिहिलेलं आहे का ते आधी पाहा. चिकन बेकनमध्ये चरबी फार कमी असते. ते वाळून कडक होतं, पण या लेखातला कुरकुरीतपणा त्याला येणार नाही. हे सगळं पोटाच्या पट्टीचं शास्त्र आहे.

कुरकुरीत होताना आत काय घडतं?

कच्च्या स्ट्रीकी बेकनमध्ये वजनाच्या साधारण ४० टक्के चरबी असते आणि जवळपास तितकंच पाणी. उरलेल्या भागात मुख्यतः प्रथिनं आणि मीठ. पट्टी कुरकुरीत व्हायची तर तीन गोष्टी घडाव्या लागतात आणि त्या क्रमानंच घडाव्या लागतात: पाणी जायला हवं, चरबी सुटायला हवी आणि मग रंग यायला हवा.

पाण्यापासून सुरुवात करू. पॅन कितीही तापलेला असो, पट्टीच्या आत पाणी आहे तोवर तिचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपासच अडून राहतं, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मांस तपकिरी होऊन खमंग वास सुटण्याची क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणजे पट्टीचा जो भाग आधी कोरडा होईल तोच आधी तपकिरी होईल आणि तोच आधी करपेल. एखाद्या पट्टीचं एक टोक काळं आणि दुसरं फिकट निघालं, तर ते टोक बाकीच्या पट्टीच्या आधी कोरडं झालं होतं, इतकाच त्याचा अर्थ.

आता चरबी. डुकराची चरबी ३०-४० अंशांच्या दरम्यानच वितळू लागते. पण वितळणं आणि बाहेर येणं यात फरक आहे. ती सूक्ष्म पेशींमध्ये भरलेली असते आणि त्या पेशी चिवट तंतूंनी एकमेकींना बांधलेल्या असतात. हे तंतू सैल होऊन चरबी बाहेर यायला वेळ लागतो, आणि हा वेळ आच वाढवून फारसा कमी करता येत नाही. चरबी बाहेर पडल्यावर मागे जो पातळ सांगाडा उरतो तो सुकतो, तळला जातो आणि दाताखाली कुडुम वाजतो. चरबी आतच राहिली तर पांढरा भाग चामट लागतो. म्हणून मोठ्या आचेवर घाईनं केलेलं बेकन फसतं: लाल भागातलं पाणी उडून तो करपायला लागतो, तेव्हा पांढऱ्या भागाचं काम अर्धंही झालेलं नसतं.

लोणी कढवून तूप करताना आपण आवाजावर लक्ष ठेवतो. आधी जोरात तडतड होते, मग आवाज मंदावतो आणि ताक-पाणी उडालं हे कानाला कळतं. बेकनचंही तसंच आहे. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि जोराचा चुरचुराट, मग आवाज बारीक होतो, आणि शेवटी चरबीवर पांढरट, बारीक बुडबुड्यांचा फेस येतो. हा फेस दिसला की बहुतेक पाणी गेलेलं असतं आणि पट्टी तयार होण्याच्या अगदी जवळ असते. घड्याळापेक्षा ही खूण जास्त विश्वासाची आहे, कारण ती पट्टीच्या जाडीप्रमाणे आपोआप बदलते.

पॅनमध्ये: गार पॅन, मंद आच

पॅनमध्ये उष्णता खालून, थेट धातूच्या स्पर्शानं येते. जिथे पट्टी टेकलेली असते तिथे ती झपाट्यानं शिजते. जिथे उचललेली असते तिथे जवळजवळ शिजतच नाही. मांसाचा पट्टा ५५-६५ अंशांपासून आकसायला लागतो. शेजारची चरबी त्याच वेगानं आकसत नाही, म्हणून पट्टी वेडीवाकडी होते, तिच्या लाटा उठतात आणि लाटेचा वरचा भाग पॅनपासून सुटतो. पॅनमधल्या बहुतेक अडचणी या उचललेल्या भागामुळे येतात. शिवाय बेकनची पट्टी २३-२५ सेंटीमीटर लांब असते आणि घरच्या गॅसची ज्योत त्याहून पुष्कळ लहान. त्यामुळे पॅनचा मधला भाग तापतो आणि पट्टीची टोकं मागे राहतात.

यावरचा पहिला उपाय म्हणजे पॅन आधी तापवायचा नाही. पाकीट फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे पट्ट्या न फाटता सुट्या होतील. लांब पट्ट्या मधोमध कापून अर्ध्या करा. गार पॅनमध्ये त्या एकमेकींवर न चढवता मांडा, तेल घालू नका आणि गॅस मंद ते मध्यम यांच्या दरम्यान ठेवा. पॅन पट्टीबरोबरच तापत गेला की मांस एकदम आकसत नाही आणि पहिल्या तीन-चार मिनिटांत चरबी सुटून तळाशी पसरते. ही सुटलेली चरबीच पुढचं काम करते. ती पट्टीच्या वाकड्या भागांपर्यंत पोहोचते आणि तापलेला धातू जिथे टेकत नाही तिथेही उष्णता नेते.

पांढरा भाग अर्धपारदर्शक दिसू लागला की चिमट्यानं पट्टी उलटा. त्यानंतर दर मिनिटाला उलटत राहा आणि मधल्या पट्ट्या कडेला, कडेच्या मधे अशा सरकवा. साध्या जाडीच्या, म्हणजे दीड ते दोन मिलिमीटरच्या पट्टीला एकूण ८ ते १२ मिनिटं लागतात. तीन मिलिमीटरच्या जाड पट्टीला १२ ते १५. फार वाकणाऱ्या पट्टीवर सपाट बुडाचं जड भांडं किंवा बेकन दाबण्याचं वजन सुरुवातीची दोन-तीन मिनिटं ठेवता येतं.

‘कुक्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी पाककला मासिकानं एक युक्ती लोकप्रिय केली: पॅनमध्ये पट्ट्या बुडतील इतकं पाणी घालून सुरुवात करायची. पाणी आटेपर्यंत पॅनचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. तेवढ्यात चरबी सुटायला लागते आणि मांस न करपता मऊ शिजतं. पाणी आटल्यावर आच कमी करून पट्ट्या तपकिरी होऊ द्यायच्या. माझ्या मते पॅन पातळ बुडाचा असेल किंवा गॅस पुरेसा मंद होत नसेल तर ही युक्ती फार उपयोगाची आहे. पूर्ण बुडवण्याइतकं पाणी नको असेल तर तीन-चार चमचे पाण्यानंही सुरुवात सौम्य होते. वेळ मात्र काही मिनिटांनी वाढतो.

बिडाचा पॅन बेकनला सगळ्यात चांगला. तो जड असल्यानं हळू तापतो आणि गार पट्ट्या पडल्या तरी त्याचं तापमान एकदम घसरत नाही. नॉनस्टिकही चालतो, पण मोठ्या आचेवर नको. स्टीलच्या पातळ पॅनमध्ये ज्योतीच्या वरचा भाग चटकन करपतो आणि साखर लावून मुरवलेलं बेकन चिकटतं.

ओव्हनमध्ये: कड असलेला ट्रे, २०० अंश

ओव्हनमध्ये गरम हवा पट्टीला वरून आणि तापलेला ट्रे खालून उष्णता देतो. हवा उष्णता हळू देते. वेगाच्या दृष्टीनं ही उणीव असली तरी बेकनसाठी ती सोयीची ठरते, कारण चरबी सुटायला लागणारा वेळ आपोआप मिळतो. दोन्ही बाजू जवळपास एकाच वेळी तापत असल्यानं पट्टी कमी वाकते, सपाट राहते आणि बहुतेक वेळा उलटावीही लागत नाही. सँडविचमध्ये घालायला अशी सपाट पट्टी सोयीची पडते. अमेरिकेतल्या मोठ्या उपाहारगृहांत बेकन सहसा ओव्हनमध्येच करतात. त्यांच्यासाठी पट्ट्या कागदावर ओळीनं मांडूनच खोक्यात भरलेल्या येतात. कागदासकट ट्रेवर ठेवायच्या की झालं.

तापमान २०० अंश सेल्सियस ठेवा. अमेरिकी पाककृतींमध्ये ४०० अंश लिहिलेलं असतं ते फॅरनहाइटचं, आणि ते याच्या बरोबरीचंच आहे. ओव्हन आधी पूर्ण तापवून घ्या. गार ओव्हनमध्ये ट्रे ठेवूनही बेकन चांगलं होतं, पण प्रत्येक ओव्हनला तापायला वेगळा वेळ लागतो. त्यामुळे आज जी मिनिटं बरोबर ठरली ती दुसऱ्याच्या घरी ठरणार नाहीत. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये वेळेचा भरवसा धरता येतो.

ट्रेला चारी बाजूंनी किमान दोन सेंटीमीटरची कड हवी, याबाबत तडजोड नको. वितळलेली चरबी सपाट पत्र्यावरून ओघळून तापलेल्या कॉइलवर पडली तर धूर होतो आणि आगही लागू शकते. ट्रेवर फॉइल किंवा बेकिंगचा कागद घातला तर धुणं सोपं होतं. आपल्याकडे बटर पेपर या नावानं मिळणारे सगळे कागद ओव्हनसाठी नसतात. पुडीवर किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेलं नसेल तर फॉइलच वापरा. कागद ट्रेबाहेर लोंबता कामा नये.

काही जण ट्रेमध्ये तारेची जाळी ठेवून तिच्यावर पट्ट्या मांडतात, म्हणजे चरबी खाली गळून जाते. अशी पट्टी कमी तेलकट लागते, पण तिला स्वतःच्या चरबीत तळलं जाणं मिळत नाही. म्हणून ती दोन-चार मिनिटं जास्त घेते आणि जरा ठिसूळ, कोरडी होते. जाळी घासायचं कामही कटकटीचं. मला थेट ट्रेवर केलेली पट्टी चवीला जास्त भरीव वाटते.

अंश आणि मिनिटं

२०० अंशांवर साध्या जाडीच्या पट्टीला १५ ते २० मिनिटं लागतात, जाड पट्टीला २० ते २५. पाकिटातली पट्टी फारच पातळ, कागदासारखी असेल तर १० ते १४ मिनिटांतच ती होते. दहाव्या मिनिटाला पहिल्यांदा पाहा, ट्रे पुढचा मागे असा फिरवा आणि त्यानंतर दर दोन मिनिटांनी डोकावत राहा. शेवटचा टप्पा झपाट्याचा असतो. पाणी संपलं की पट्टीचं तापमान अडवणारं काही उरत नाही, आणि सोनेरीपासून करपलेल्यापर्यंत जायला दोन-तीन मिनिटं पुरतात.

मग आणखी कमी किंवा जास्त तापमान का नको? १७५ अंशांवर साधी पट्टी २५ ते ३० मिनिटं घेते. चरबी भरपूर सुटते, रंग सारखा येतो आणि करपण्याचा धोका कमी राहतो. वेळ असेल तर हे तापमान वाईट नाही, आणि मेपलचं सरबत किंवा जास्त साखर लावून मुरवलेल्या बेकनला तर १७५ ते १९० अंशच योग्य, कारण साखर मांसाच्या आधी करपते. उलट २२० अंशांवर पट्टी ११ ते १४ मिनिटांत होते, पण कडा आधीच काळ्या पडतात आणि ट्रेमधली चरबी धुरायला लागते. सुटलेल्या चरबीत मांसाचे बारीक कण असतात. चरबीच्या आधी ते जळतात आणि जळका वास सगळ्या पट्ट्यांना लागतो. २०० हा आकडा या दोहोंच्या मधला आहे: चरबी सुटायला पुरेसा वेळ मिळतो आणि रंगही नीट येतो.

ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर हवा वेगानं फिरते आणि उष्णता जास्त लागते. तेव्हा तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत असतो तो छोटा ओटीजी. त्याची कॉइल ट्रेपासून काही सेंटीमीटरवरच असते आणि बटणावरचा आकडा व आतलं तापमान यांत बरीच तफावत असू शकते. ट्रे मधल्या खाचेवर ठेवा, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा आणि फक्त ग्रिल वापरू नका, कारण चरबी उडून तापलेल्या कॉइलवर पडते. पहिल्या वेळी दोनच पट्ट्या करून आपल्या ओटीजीला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. पुढे तोच तुमचा आकडा.

चौघांसाठी बारा पट्ट्या

प्रत्यक्षात काय फरक पडतो हे एका उदाहरणावरून पाहू. चार माणसांच्या नाश्त्याला प्रत्येकी तीन, म्हणजे बारा पट्ट्या हव्यात. एक कच्ची पट्टी २५ ग्रॅमची धरली तर एकूण ३०० ग्रॅम बेकन झालं.

२६-२८ सेंटीमीटरच्या पॅनमध्ये एका वेळी चार पट्ट्या नीट बसतात. जास्त कोंबल्या तर त्यांची वाफ एकमेकींत अडकते आणि त्या तळल्या न जाता उकडतात. म्हणजे तीन घाणे आले. पहिला दहा-बारा मिनिटांचा. दुसरा आणि तिसरा सात-आठ मिनिटांचे, कारण पॅन तापलेला असतो. पण इथेच दुसरा घाणा करपतो. पहिला घाणा निघाल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबा, जास्तीची चरबी वाटीत ओता, तळाला चमचाभर राहू द्या आणि मगच पुढच्या पट्ट्या मांडा. असा जवळपास अर्धा तास चिमटा हातात घेऊन शेगडीपाशी उभं राहावं लागतं आणि तिसरा घाणा निघेपर्यंत पहिला गार होतो.

मोठ्या ओव्हनमध्ये ४५ बाय ३३ सेंटीमीटरच्या ट्रेवर बाराही पट्ट्या एका ओळीत मावतात. ओव्हन तापायला दहा-पंधरा मिनिटं, भाजायला १६ ते १८. एकूण वेळ पॅनइतकाच, पण त्यात तुमचे हात मोकळे असतात. अंडी, पाव, चहा तेवढ्यात होतो आणि बाराही पट्ट्या एकदम गरम ताटात येतात. ओटीजीच्या लहान ट्रेवर मात्र सहा-सातच पट्ट्या बसतात. दोन ट्रे एकावर एक लावू नका, वरचा ट्रे खालच्याची उष्णता अडवतो. दोन वेळा करायचं तर तापवण्यासकट पाऊण तास जातो.

दोन्ही प्रकारांत ३०० ग्रॅमचं शेवटी साधारण १०० ग्रॅम उरतं. सुमारे ११० ते १२० ग्रॅम पाणी वाफ होऊन जातं आणि ८० ग्रॅमच्या आसपास चरबी ट्रेमध्ये किंवा पॅनमध्ये उतरते. पाकिटावरचं वजन पाहून पाहुण्यांचा अंदाज बांधणाऱ्यांनी हा एक-तृतीयांशाचा हिशेब लक्षात ठेवावा. ती चरबी सिंकमध्ये ओतू नका, पाइपात गोठून ती तुंबते. गाळून काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे टिकते, आणि बटाटे परतायला तिच्यासारखी चरबी नाही.

कधी काढायचं, आणि फसलं तर

हव्या त्या कडकपणाच्या किंचित आधी पट्टी काढायची, हा दोन्ही प्रकारांतला सगळ्यात महत्त्वाचा नियम. गरम पट्टी चिमट्यात धरली तर मऊच लोंबते, म्हणून अनेक जण ती आणखी दोन मिनिटं ठेवतात आणि कोळसा करतात. खरा कुरकुरीतपणा बाहेर आल्यावर येतो. वरची चरबी कागद शोषून घेतो, उरलीसुरली वाफ निघून जाते आणि पट्टी गार होता होता ताठ होते. रंग तांबूस-तपकिरी, पांढरा भाग सोनेरी आणि चरबीवर बारीक फेस, इतकं दिसलं की काढा आणि कागदावर एकेरी पसरून दोन मिनिटं थांबा. गरम पट्ट्या एकमेकींवर रचल्या किंवा झाकण घातलं तर स्वतःच्याच वाफेनं त्या पुन्हा मऊ पडतात.

लाल भाग करपला आणि पांढरा चामट राहिला तर आच जास्त होती. पूर्ण पट्टीच लिबलिबीत राहिली तर गर्दी झाली किंवा ती लवकर काढली. पुन्हा ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं ठेवली तर ती सुधारते. पॅनमध्ये पांढरट, चिकट पाणी सुटलं तर बेकनमध्ये मिठाचं पाणी टोचून भरलेलं आहे. अशा बेकनला कुरकुरीत व्हायला जास्त वेळ लागतो, कारण आधी ते पाणी जायला हवं. कोरडं मीठ चोळून मुरवलेलं बेकन लवकर होतं आणि कमी उडतं. चरबीनं पेट घेतला तर पाणी कधीच ओतू नका: गॅस किंवा ओव्हन बंद करा, पॅनवर झाकण ठेवा आणि ओव्हनचं दार उघडू नका.

करपवू नये याला चवीपलीकडचंही कारण आहे. बेकनमधलं नायट्राईट मांसातल्या घटकांशी संयोग पावून जास्त तापमानावर नायट्रोसामाईन नावाची संयुगं तयार करू शकतं, आणि त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरू शकतात. अमेरिकेत म्हणून नायट्राईटच्या प्रमाणावर मर्यादा आहे आणि त्याबरोबर क जीवनसत्त्वाच्या कुळातलं संयुग घालतात, जे ही क्रिया रोखतं. पट्टी जितकी जास्त तापवाल आणि जाळाल तितकी ही संयुगं वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून नोंदवलं, ते मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. म्हणून बेकन रोज खाऊ नये, आणि खाल तेव्हा सोनेरी खावं, काळं नाही.

पॅन आणि ओव्हन यांतलं माझं उत्तर माणसांच्या संख्येवर ठरतं. एक-दोघांसाठी चार पट्ट्या हव्या असतील तर ओव्हन तापवणं म्हणजे विजेची नासाडी. गार बिडाच्या पॅनमध्ये, मंद आचेवर, दहा मिनिटं उलटसुलट करा. त्याहून जास्त असतील आणि मोठा ओव्हन असेल तर २०० अंशांवर, कड असलेल्या ट्रेमध्ये, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये करा आणि पंधराव्या मिनिटाला ओव्हनसमोर हजर राहा. ओटीजी असेल तर सहा पट्ट्यांपर्यंत तो वापरा, त्यापुढे पॅन आणि ओटीजी दोन्ही एकदम लावा. साधन कुठलंही असो, चरबी सुटायला लागणारा वेळ तिला द्या आणि पट्टी कडक होण्याच्या मिनिटभर आधी बाहेर काढा.